लाइन वर चढली की कीपरनं कुठे उभं राहायचं

भाऊ, मी बारावीत आहे, वणीजवळच्या गावच्या टीमचा गोलकीपर. आमचे सर डिफेन्सला हाफलाइनजवळ चढवतात आणि मला बॉक्सच्या बाहेर राहायला सांगतात. मागच्या मॅचमध्ये तीन गोल खाल्ले. एक हाफमधून डोक्यावरून गेला. एकात मी निघालो, मध्येच थांबलो, अन् त्यानं बाजूनं काढला. तिसऱ्याच्या वेळी पाऊस पडून गेला होता, बॉल चिखलात थांबला अन् त्यांचा फॉरवर्ड माझ्याआधी पोचला. गावातले म्हणतात, गोल सोडून जाऊच नको. नेमकं कुठे उभं राहायचं, अन् निघायचं कधी?

---

तुझे तिन्ही गोल वेगवेगळ्या आजाराचे आहेत. गावातली मंडळी तिघांवर एकच औषध देऊन मोकळी झाली, इतकंच. मी यवतमाळ जिल्ह्यात वीसेक वर्षं गोलात उभा राहिलो, आता दिग्रसकडच्या पोरांना शिकवतो. "गोल सोडू नको बे" हे मीही लाइनीवरून भरपूर ऐकलंय. डिफेन्स स्वतःच्या बॉक्सजवळ उभा असेल तर ते बरोबरही आहे. पण सरांनी लाइन वर नेली आणि तू गोललाइनीवर राहिलास, तर मधल्या तीस-चाळीस मीटर रानाला कुणी राखणदारच उरत नाही.

आधी एक हिशेब मांडतो. तो डोक्यात बसला की "कुठे" हा अर्धा प्रश्न सुटतो.

समज, तुमची लाइन तुझ्या गोलपासून 40 मीटरवर आहे. त्यांचा फॉरवर्ड तुमच्या स्टॉपरच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. तू बॉक्सच्या रेषेवर, म्हणजे साधारण 16 मीटरवर. मागे थ्रू बॉल पडला आणि तुम्ही दोघं एकाच क्षणी निघालात. तालुक्याच्या लेव्हलचा चपळ पोरगा अशा धावेत दोन सेकंदांत 13 मीटर कापतो. कीपर बहुधा जरा जड असतो आणि उभ्यानं सुटतो, त्याचे 11 मीटर धर. 40 मधून 13 गेले, 27. 16 मध्ये 11 मिळवले, 27. म्हणजे तुमची गाठ गोलपासून 27 मीटरवर पडते. चेंडू 27 च्या आत आला तर तो तुझा, 27 च्या पुढे राहिला तर त्याचा. 27 ते 40 हा 13 मीटरचा पट्टा फॉरवर्डचा आणि तिथे तुझं काही काम नाही. तिथली जबाबदारी स्टॉपरची आणि पास देणाऱ्यावर धावून जाणाऱ्या हाफची.

आता गंमत बघ. गावकऱ्यांचं ऐकून तू 8 मीटर मागे, म्हणजे गोलपासून 8 मीटरवर उभा राहिलास, तर गाठ पडते साधारण पावणेतेवीस मीटरवर. आठ मीटर मागे गेलास आणि गमावले सव्वाचार. उलट 8 मीटर पुढे, 24 वर उभा राहिलास तरी कमाई तेवढीच, सव्वाचार मीटर, गाठ 31 च्या आसपास. एक मीटर पुढे सरकलं की हाताशी जेमतेम अर्धा मीटर लागतो, कारण गाठ लवकर पडते आणि तुला धावायला तेवढा वेळ कमी मिळतो. पण त्या प्रत्येक मीटरला तुझ्या डोक्यामागची जागा मात्र पुरा एक मीटर वाढते. हा सौदा नेहमी फायद्याचा नसतो. तुझ्या पहिल्या गोलाचं मूळ इथेच आहे.

याच हिशेबात अर्धा सेकंद आधी निघून बघ. गाठ 27 वरून साडेअठ्ठावीसवर जाते. अर्धा सेकंद उशिरा निघालास तर साडेपंचवीसवर येते. म्हणजे लवकर सुटणारा आणि उशिरा सुटणारा यांच्यात तीन मीटरांचा फरक पडतो, जागा तीच असताना. अर्धा सेकंद आधी सुटणं हे पावणेतीन मीटर पुढे उभं राहण्याइतकं आहे, आणि डोक्यामागची जागा तसूभरही न वाढवता. म्हणून मी पोरांना "कुठे उभा आहेस" यापेक्षा "कधी सुटलास" हे जास्त वेळा विचारतो.

आता सुटायचं कधी. बहुतेक कीपर चेंडू हवेत गेला, पहिला टप्पा पडला, मग निघतात. टप्पा पडेपर्यंत एक सेकंद गेलेला असतो. तू चेंडूकडे बघू नकोस, ज्याच्या पायात चेंडू आहे त्याच्याकडे बघ. तो आधी मान वर करतो आणि रान बघतो. मग मान खाली घालतो, उभा पाय चेंडूशेजारी टेकवतो आणि मारायचा पाय मागे नेतो. मान खाली गेली की तुझं चालणं-सरकणं बंद. पाय मागे गेला की एक छोटी उडी, इंचभराची, आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर, टाचा हलक्या, वजन चवड्यांवर. चेंडू त्याच्या पायातून सुटताना तुझे पाय टेकलेले पाहिजेत. त्याच क्षणी ठरवायचं, पुढे की मागे. चेंडू सुटताना तू चालत असलास, विशेषतः मागे चालत असलास, तर अर्धा सेकंद तिथेच गेला. वजन टाचांवर असतं, आधी ते पुढे आणायला एक पाऊल जातं.

2014 च्या विश्वचषकात जर्मनी विरुद्ध अल्जेरिया ही मॅच पोर्तो अलेग्रेला झाली, जर्मनीनं ती जादा वेळेत 2-1 नं जिंकली. मिळाली तर पूर्ण बघ. जर्मनीची लाइन वर, मधला मेर्टेसॅकर उंच पण पायानं संथ, आणि अल्जेरियाचा स्लिमानी मागच्या जागेत सारखा सुटत होता. जर्मनीचा कीपर मॅन्युएल नॉयर त्या दिवशी बॉक्सच्या बाहेर येऊन पुन्हा पुन्हा चेंडू काढत होता. लोक त्याचे टॅकल दाखवतात. तू टॅकल बघू नकोस. पास सुटण्याआधीचा एक सेकंद बघ, कॅमेऱ्यात कीपर दिसत असेल तेव्हा. तो पळताना वेगवान दिसतो, कारण बाकीचे सुरू व्हायच्या आत तो सुरू झालेला असतो. आणि हेही लक्षात घे की त्या मॅचमध्ये एखादी उडी चुकली असती तर लाल कार्ड होतं. हा खेळ जोखमीचाच आहे, फक्त गोलात बसून राहणं त्याहून जास्त जोखमीचं होतं.

ही कल्पना नवी नाही. 1950 च्या दशकात हंगेरीचा ग्रोशिच असाच बॉक्सच्या बाहेर येऊन खेळायचा. 1953 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 नं हरवणाऱ्या टीमचा कीपर तोच. तेव्हा याला कुणी मोठं नाव देत नव्हतं, मागे मोकळं रान होतं आणि कुणीतरी ते बघायला हवं होतं.

आता तुझा पहिला गोल. हाफमधून डोक्यावरून गेला म्हणतोस, म्हणजे तू बहुधा 22-25 मीटरवर होतास आणि मारणाऱ्याच्या अंगावर कुणी नव्हतं. वर राहणं चूक नव्हतं, त्या वेळी वर राहणं चूक होतं. आकडा पाठ करू नकोस, एकच प्रश्न विचारत राहा: चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला मान वर करायला वेळ आहे का?

चेंडू त्यांच्या बॉक्सजवळ आहे, तुमचे पोरं चढलेत: तू अर्धगोलाच्या पुढे, 22-25 मीटरवर निवांत उभा राहा. तिथून कुणी एका लाथेत गोल करत नाही. त्यांच्या खेळाडूनं चेंडू हिसकावला, पण त्याची पाठ तुमच्याकडे आहे किंवा आपला हाफ त्याच्या अंगावर गेलाय: तिथेच राहा, उलट एखादं पाऊल पुढे घे, कारण असा दाबातला पास लांबतो आणि तो तुझा असतो. पण तो वळला, समोर कुणी नाही आणि मान वर झाली, की लगेच सरकत 14-16 वर ये. "लगेच" म्हणजे त्याची मान वर असताना, मान खाली जाण्याआधी. 45 मीटरवरून उंच मारलेला चेंडू गोलपर्यंत यायला दोन-अडीच सेकंद घेतो. तेवढ्यात अंग वळवून, पाय आडवे टाकत माघारी पळालास तर 10 मीटर, फार तर 12 जातोस. 15 वर होतास तर बारखाली हात पोचतो. 25 वर होतास तर चेंडू जाळीत जाताना बघायचा. छातीनं चेंडूकडे तोंड ठेवून उलटं पळू नकोस. त्यात वेग निम्मा होतो आणि काळ्या मातीच्या ढेकळात टाच अडकून माणूस पाठीवर पडतो, हे मी स्वतः करून बसलोय, अख्ख्या गावासमोर.

आणि हे एकट्याचं काम नाही. त्याची मान वर झाली आणि अंगावर कुणी नाही, तर तुझ्याबरोबर लाइननंही खाली यायचं असतं. अंगावर कुणी नसलेल्या माणसासमोर 40 मीटरवर ऑफसाइडच्या आशेनं हात वर करून उभी राहिलेली लाइन म्हणजे आमंत्रण. तिथे तूच ओरडायचं, कारण सगळं रान तुलाच दिसतं. आमच्याकडे दोनच शब्द ठरलेले आहेत, "चढ" आणि "उतर". तिसरा शब्द "माझा", तो फक्त कीपरचा. लाइन 40 वरून 30 वर उतरली आणि तू 12 वर आलास, तर गाठ वीसच्या आसपास पडते आणि फॉरवर्डचा पट्टा 13 वरून 10 मीटरवर येतो. तुझ्या डोक्यावरून मारायलाही जागा राहत नाही. अजून एक, सरांना विचारून ठेव: लाइन खरंच हाफलाइनीवर नेत असाल तर स्वतःच्या अर्ध्यात उभ्या असलेल्या त्यांच्या फॉरवर्डला ऑफसाइड लागतच नाही. तो हाफलाइनीच्या पलीकडून सुटला की सगळा भार तुझ्यावर. निदान चार-पाच पावलं आत राहा म्हणावं.

दुसरा गोल, मध्येच थांबलास तो. हा सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा गोल आहे, आणि यात पाय कमी पडत नाहीत, मन दोनदा ठरवतं. तू निघालास, सहा-सात पावलांवर वाटलं "नाही पोचत", आणि उभा राहिलास. आता तू ना गोलात, ना चेंडूवर. पाय ताठ, वजन मागे, आणि फॉरवर्डला तुझ्या दोन्ही बाजूंनी मोकळं दार. मॅचनंतर हा दोष ओळखायचा तर मैदानात जाऊन तुझ्या बुटांचे ठसे बघ. ओल्या मातीत ते स्पष्ट दिसतात: लांब-लांब ठसे, मग एकदम दोन-तीन जवळजवळ आलेले आणि घसरलेले. ती जागा गोल आणि गाठीच्या बरोबर मधे असेल, तर तू दोनदा ठरवलंस.

इलाज असा. पहिल्या दोन पावलांत ठरव आणि मग बदलू नकोस, एक अपवाद सोडून. अपवाद म्हणजे फॉरवर्डनं तुझ्याआधी चेंडूला पहिला स्पर्श केला. हे तुला पळतानाच दिसतं. त्याचा स्पर्श होणार असं दिसलं की स्पर्शाच्या आधी छोटी पावलं टाकत वेग तोड, आणि स्पर्शाच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, हात बाजूला, गुडघे वाकलेले, अंग पुढे. इथून तू स्वीपर नाहीस, साधा कीपर आहेस, एकास-एकच्या प्रसंगातला. झेप टाकू नकोस. त्याला दुसरा स्पर्श घ्यायला लाव, त्याची मान पुन्हा खाली जाऊ दे, आणि तेवढ्या वेळात तुमचा स्टॉपर येतोय. त्याचा दुसरा स्पर्श लांबला तर मात्र त्याच क्षणी खाली पड, हात चेंडूवर. पण बॉक्समध्ये असशील तरच हात. थांबणं दोन्ही वेळा आहे, फरक एवढाच की तू मनातल्या भीतीनं थांबलास, आणि थांबायचं असतं त्याच्या स्पर्शाला बघून.

चेंडूवर आधी पोचलास तर काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असू दे: पहिल्याच स्पर्शात, जवळच्या टचलाइनीच्या बाहेर. चेंडू अडवून, वळून, पास शोधून खेळायचा मोह होतो. 1990 च्या विश्वचषकात नेपल्सला कोलंबियाच्या इगितानं गोलपासून लांब बाहेर येऊन चेंडू पायात खेळवला, कॅमेरूनच्या रॉजर मिलानं तो काढून घेतला आणि रिकाम्या गोलात घातला. कोलंबिया 2-1 नं बाहेर. इगिता पायात चेंडू ठेवण्यात वाकबगार होता, तरी हे झालं. आपल्याकडे तर ढेकूळ, खड्डा, म्हशीचा खूर, काय काय असतं. चेंडू उडून येत असेल तर डोक्यानं किंवा छातीनं पुढे ढकल, उसळलेल्या चेंडूवर पाय फिरवू नकोस. थोडं तिरकं धावत ये, म्हणजे लाथ आपोआप टचलाइनीकडे जाते. सरळ समोर मारलास तर तो फॉरवर्डच्याच अंगावर आपटून तुझ्या मागे जाण्याची शक्यता असते.

तिसरा गोल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण व्हिडिओतून शिकणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. तिकडची मैदानं बारा महिने सारखी असतात. आपली नसतात.

तेच 40 मीटरचं चित्र घे आणि तोच पास, तेवढ्याच जोरानं. एप्रिलमध्ये मुरमाच्या टणक मैदानावर तो टप्पा घेऊन सरकत-उसळत येतो आणि 18-20 मीटरवर तुझ्या पायाशी येतो. तू हललाही नाहीस तरी चालतं. उन्हाळ्यात वर चढलेली लाइन आमच्या भागात इतकी यशस्वी का होते, याचं निम्मं श्रेय मुरमाला आहे, आम्हा कोचांना नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीवर सर येऊन गेली की तोच चेंडू टप्प्यावर रुततो आणि 28-30 मीटरवर थांबतो. म्हणजे नेमका फॉरवर्डच्या पट्ट्यात. तू 16 वर होतास, वेळेत निघालास, वेगही तोच, तरी हरलास, कारण गाठ 27 ला होती आणि चेंडू 29 ला मेला. शिवाय चिखलात तुझी पहिली पावलं घसरतात, फॉरवर्ड मात्र आधीच पळत असतो. म्हणजे तुझे 11 मीटर 9-10 झाले.

मग ओल्या दिवशी काय बदलायचं? लाइन 40 वरून 33 वर आणायची आणि तू 16 वरून 20 वर चढायचं. तुम्ही दोघं एकमेकांकडे सरकलात. गाठ 26 ला पडते, आणि फॉरवर्डचा पट्टा 13 मीटरांवरून 7 वर येतो. सात मीटरांच्या पट्टीत, चिखलातून, मोजून पास टाकणारा हाफ तालुक्याला एखादाच असतो. डोक्यावरून मारायची भीती वाढत नाही का? थोडी वाढते. पण ओला चेंडू जड असतो, चिखलात उभा पाय नीट रोवला जात नाही, आणि टप्पा पडला की तो गोलकडे पळत नाही, तिथेच बसतो. त्या दिवशी हा सौदा परवडतो. कोरड्या मुरमावर हाच सौदा महागात जाईल, तिथे एक टप्पा पडला की चेंडू जाळीतच.

म्हणून मॅचच्या आधी दहा मिनिटं गोलात शॉट घेत उभं राहू नकोस. मित्राला घेऊन 50 मीटरवर जा, त्याला पाच-सहा थ्रू बॉल टाकायला लाव, तुझ्या दोन्ही बाजूंना, आणि चेंडू कुठे मरतो ते बघ. हाफटाइमला गोल बदलतो तेव्हा दुसरी बाजू वेगळी असते. एकीकडे सावली, पाणी साचलेलं, दुसरीकडे कोरडं. आमच्या एका मॅचला पूर्वेकडचा भाग कोरडा आणि पश्चिमेकडे बाभळीच्या सावलीत चिखल होता. पहिल्या हाफला आमच्या कीपरला एकही थ्रू बॉल त्रास देऊ शकला नाही, आणि दुसऱ्या हाफच्या पहिल्याच मिनिटाला फॉरवर्ड मोकळा सुटला. पोराची जागा चुकली नव्हती, फक्त ती मागच्या गोलची होती. त्या दिवशी मीच लाइन उतरवायला विसरलो होतो.

तू विचारलं नाहीस पण पुढच्या मॅचला हे येणारच: चेंडू बाजूनं, साइड बॅकच्या मागे पडला तर? जाऊ नकोस. कोपऱ्याकडे पडलेला चेंडू स्टॉपरचा. टचलाइनीजवळ तू आणि फॉरवर्ड दोघं पोचलात आणि त्यानं चेंडू आत ढकलला, तर गोल रिकामा. चेंडू बॉक्सच्या रुंदीच्या आत पडणार असेल तरच विचार कर. बाहेर पडणार असेल तर तुझं पहिलं पाऊल मागे, जवळच्या खांबाकडे. चेंडू बाजूला गेला की तुझी उभी राहायची जागाही सरळ मधे राहत नाही. चेंडू आणि गोलचा मध्य यांना जोडणारी दोरी मनात धर, त्या दोरीवर राहा.

आता नियमातलं तेवढंच, जे तुला नडेल. बॉक्सच्या बाहेर तू इतर दहांसारखाच खेळाडू आहेस. बाहेर हात लागला तर फ्री किक, आणि त्या हातानं स्पष्ट गोलची संधी अडली असं रेफरीला वाटलं तर लाल कार्ड. बाहेर फॉरवर्डला पाडलंस आणि मागे कुणी नव्हतं, तरी तेच. हात कुठे लागला ते बघतात, तुझे पाय कुठे होते ते नाही. रेषा बॉक्सचाच भाग आहे, म्हणजे रेषेवरचा चेंडू हातात घेता येतो. अडचण अशी की आपल्याकडे फक्की सकाळी मारतात आणि दुपारपर्यंत पुसली जाते. मी मॅचआधी बॉक्सच्या रेषेच्या दोन्ही टोकांना, मैदानाच्या बाहेर, सरळ रेषेत काहीतरी खूण हेरून ठेवायचो: एकीकडे विजेचा खांब, दुसरीकडे सायकल. पळताना खाली रेषा शोधायची नाही, नजरेच्या कडेला खांब आला का तेवढं बघायचं. आणि तुमचा स्टॉपर घाईत तुला पायानं मागे पास देईल, तो बॉक्समध्येही हातात घेऊ नकोस. 1992 पासून त्यावर इनडायरेक्ट फ्री किक आहे. लाइन वर असली की असे पास वाढतात.

राहिलं तुझं स्वतःचं मोजमाप. मी वर दिलेले 13 आणि 11 हे अंदाजाचे आकडे आहेत, तुझे वेगळे असतील. रविवारी टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा घे. त्याला गोलपासून 40 मीटरवर उभा कर, तू 16 वर. मीटरटेप नसेल तर मोठं पाऊल म्हणजे साधारण एक मीटर, पण ते एकदा टेपनं किंवा शाळेतल्या दोरीनं तपासून घे. 27 वर चेंडू ठेव. तिसऱ्यानं शिट्टी वाजवली की दोघं पळा, चेंडूला आधी कोण स्पर्श करतो ते बघा, पण शेवटच्या दोन पावलांत तू बाजूला हो, आपटू नका, मॅच पुढे आहे. तो जिंकला तर चेंडू एक मीटर तुझ्याकडे घे, तू जिंकलास तर एक मीटर त्याच्याकडे. सात-आठ वेळा पळून झालं की बरोबरीची जागा सापडते. मधे दम घ्या, थकल्यावरचा आकडा खोटा असतो. तिथे वीट ठेव. नंतर शिट्टी काढून टाका, तिसऱ्याला 55 मीटरवर खरा चेंडू देऊन पास मारायला लावा, आणि तू त्याच्या पायाकडे बघून सुट. शिट्टीपेक्षा विटेच्या पुढे जाता आलं तर तुझं वाचन बरं आहे. मागे राहिलास तर तू अजून टप्प्याची वाट बघतोयस.

हाच खेळ पहिली मोठी सर येऊन गेल्यावर, त्याच मैदानावर, त्याच बुटांनी परत खेळ. दोन विटांमधलं अंतर सरांना दाखव, म्हणजे ओल्या दिवशी लाइन किती उतरवायची यावर वाद घालत बसावं लागणार नाही.